ट्रस्ट डीडच्या भाषांतराच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू (२ स्टार): "१४ पानांचं ट्रस्ट डीड मराठीतून इंग्रजी करायला ८ दिवस लावले. सारखे प्रश्नच विचारत बसतात, फोन उचलत नाहीत. शेवटच्या कलमात एक साधा बदल सांगितला तर सरळ नाही म्हणाले. रेट पण जास्त."

नमस्कार सर. फोनबद्दल मनापासून सॉरी, त्या आठवड्यात ऑफिसमध्ये मी एकटाच होतो, तरी तुमचे तीन कॉल मिस झाले ही चूक माझीच. ट्रस्टचं नाव इथे लिहीत नाही, पण ८ दिवसांचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही सोमवारी स्कॅन पाठवलात त्यात पान ६ नव्हतंच. बुधवारी रात्री बाकीची १३ पानं तयार होती, तसा मेसेजही केला होता, आणि ते पान आलं रविवारी रात्री. सोमवारी दुपारी डीड तुमच्या हातात होतं. म्हणजे काम झालं चार दिवसांचं आणि चार दिवस त्या एका पानाची वाट बघण्यात गेले.

आणि ते पान नसताना पुढे जाता येत नव्हतं कारण तुमच्या उद्दिष्टांत लिहिलंय "समाजातील गरीब व होतकरू मुलांना शिक्षणासाठी मदत करणे". मराठीत समाज म्हणजे सगळी माणसं पण होतात आणि आपली जात, आपली ज्ञाती पण होते, आणि तुमच्याच डीडच्या सुरुवातीला "आमच्या समाजाच्या उन्नतीसाठी" असं आहे. इंग्रजीत एकच शब्द निवडावा लागतो, सोसायटी किंवा कम्युनिटी. कम्युनिटी लिहिलं असतं तर आयकरवाल्यांना हा ट्रस्ट एकाच जातीसाठी आहे असं वाटू शकलं असतं, आणि आयकर कायद्याप्रमाणे एका विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्या फायद्यासाठी काढलेल्या धर्मादाय ट्रस्टला करसवलत मिळत नाही. उलट आधार नसताना सोसायटी लिहिलं असतं तर ते मी माझ्या मनाचं लिहिलं असतं. पान ६ वर "जात, धर्म, पंथ न पाहता" हे वाक्य निघालं तेव्हा कुठे मला उद्दिष्टात सोसायटी लिहिता आलं, सुरुवातीचं वाक्य मात्र आहे तसंच कम्युनिटी म्हणून ठेवलं. हे प्रश्न विचारले म्हणून तुम्हाला त्रास झाला याचं खरंच वाईट वाटतं, पण न विचारता ठोकून दिलं असतं तर मला झोप लागली नसती.

आता शेवटचं कलम. मूळात आहे "ट्रस्ट बंद करावा लागल्यास शिल्लक मालमत्तेची विल्हेवाट विश्वस्त मंडळ ठरवेल त्याप्रमाणे लावली जाईल". तुम्ही म्हणालात इंग्रजीत "अशीच उद्दिष्टं असलेल्या दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला देण्यात येईल, विश्वस्तांना काही मिळणार नाही" असं टाका, सीएंनी सांगितलंय. सर, सीएंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आयकरच्या नोंदणीला असंच कलम बघतात, पण ते मूळ डीडमध्येच नाही हो! भाषांतराखाली "मूळाबरहुकूम" म्हणून सही-शिक्का माझा असतो, आणि उद्या कोणी मराठी प्रत शेजारी ठेवून वाचली तर पहिला संशय तुमच्याच अर्जावर येईल. दुरुस्ती मूळात करावी लागते, डीडमध्येच दुरुस्तीचा अधिकार दिला असेल तर विश्वस्तांचा ठराव करून पुरवणी डीड, आणि नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५०अ ची योजना, हे वकिलांना विचारून करा. हे मी त्याच दिवशी फोनवर पण सांगितलं होतं, तुम्ही घाईत होतात.

रेटचं म्हणाल तर पानाचे ३५० रुपये आधीच लिहून दिले होते. विश्वस्तांच्या अधिकारांची चार पानं दोनदा वाचावी लागतात, "विकू शकतील" आणि "विकतील" यात इंग्रजीत 'मे' आणि 'शॅल' एवढा फरक पडतो. तिथे तुमचं "मालमत्ता विकू शकतील" मी 'मे' च ठेवलंय, आणि डीडमध्ये काहीही असलं तरी स्थावर मालमत्ता विकायला त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागतेच, ती अट मी माझ्याकडून घातलेली नाही कारण ती तुमच्या डीडमध्ये नाही.

यापुढे स्कॅन आला की पानं मोजून त्याच दिवशी कळवू, फोनचंही बघतो काहीतरी. पुरवणी डीड झालं की घेऊन या, तेवढ्या पानांचे पैसे घेणार नाही.