तुकतुकी आणि चमकी

सकाळी सकाळी धाकटीनं एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ ताई, मी म्हणत होते ना." व्हिडिओतली बाई ठासून सांगत होती की तेलकट त्वचेवाल्यांनी हायलायटरच्या नादी लागूच नये, त्यांचा चेहरा मुळातच चमकतो. आणि कोरड्या त्वचेवाल्यांनी मात्र हात सैल सोडून लावावा. दोन वाक्यं, दोन्ही चूक, आणि खाली "अगदी खरं" म्हणणाऱ्यांची ही रांग. त्या रांगेत माझ्या चार मैत्रिणीसुद्धा. तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे.

राग व्हिडिओचा कमी आणि त्या "मी म्हणत होते ना"चा जास्त आला. कारण ते ती का म्हणते हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या दोघींचा एक फोटो आहे. सहा-सात वर्षांपूर्वीचा, मावशीच्या घरच्या कार्यक्रमातला. त्या दिवशी दोघींचा मेकअप मी केला होता. एकच डबी, एकच ब्रश, एकच हात. माझी त्वचा कोरडी, तिची तेलकट, आणि मला वाटायचं हायलायटर म्हणजे हायलायटर, त्यात काय पाहायचं. फोटोत माझ्या गालावर खडूची भुकटी उडाल्यासारखं दिसतंय, सुटलेल्या सालपटाच्या कडेकडेला चमक अडकलेली. आणि धाकटीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना ओला डाग, त्यात ठिपके ठिपके. कुणीतरी तिला विचारलं, "गालाला चमकी लागली का गं?" त्यानंतर तिनं हायलायटरला हात लावला नाही. आणि मी मात्र सगळ्यांना सांगत फिरले की डबीच वाईट होती.

डबी अगदीच निर्दोष नव्हती, हे आधी सांगून टाकते. हायलायटरमध्ये चमकतं ते बहुतेक वेळा अभ्रक. त्याचे अतिबारीक पापुद्रे, वर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर. हे पापुद्रे साधारण १५ मायक्रॉनच्या आतले असले की डोळ्याला एकसंध साटीनसारखी झाक दिसते. ते वाढत वाढत १०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीएवढे झाले, की एकेक कण सुटा लुकलुकतो. तीच चमकी. पाकिटावर हे आकडे कुणी छापत नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूला बोटानं चोळायचं, खिडकीशी जायचं आणि हात हळूहळू वळवायचा. ओल्या कातडीसारखी झाक सरकताना दिसली तर ठीक. सुटे ठिपके मोजता आले तर ती डबी गालासाठी नाही. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली सगळंच सुंदर दिसतं, तिथे बघून उपयोग नाही.

आमच्या डबीत ठिपके मोजता येत होते. शिवाय रंग चंदेरी पांढरा, आणि आम्ही दोघी गव्हाळ. पांढऱ्या बैठकीचा हायलायटर सावळ्या-गव्हाळ रंगावर राखाडी पट्टा उमटवतो, वरून कितीही चमकू दे. गव्हाळ रंगाला घ्यावा शँपेन किंवा पीच-सोनेरी, आणखी सावळ्या रंगाला ब्राँझ. उजेड नसताना तो रंग गालावर वेगळा कळता कामा नये, उजेड पडला तरच कळावा.

पण खरी चूक माझी होती, आणि ती डबीत नव्हती.

कोरड्या त्वचेचं दुखणं साधं असतं. चेहरा तुकतुकीत दिसतो कारण पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि उजेड एका दिशेनं परततो. माझ्या गालावर बारीक पापुद्रे सुटलेले, त्यांवर कोरडी पावडर बसली की प्रत्येक पापुद्र्याची कड उठून दिसते. म्हणजे मला हवा होता ओलावा आणि मी थापत होते धूळ. "कोरड्यांनी भरभरून लावा" या सल्ल्यावर माझा संताप तो यासाठी. कोरड्या त्वचेला चमकणारे कण कमीच हवेत, स्निग्धपणा जास्त हवा. क्रीम किंवा बाम घ्यायचा. मॉइश्चरायझर लावून पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग फाउंडेशन, आणि पावडर लागायच्या आत बाम अनामिकेच्या टोकानं दाबत दाबत बसवायचा. घासायचा नाही, घासला की खालचं फाउंडेशन निघून येतं. पावडर मारून झाल्यावर क्रीम लावलं तरी तेच होतं, गोळे धरतात. मला तर हल्ली कितीदा बिनचमकीचा नुसता पारदर्शक बामच पुरतो. जागेची मात्र कोरड्या त्वचेला चैन असते. गालाच्या हाडावर, नाकाच्या दांड्यावर, वरच्या ओठाच्या कमानीवर, कुठेही चालतो. डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्यांत तेवढा जाऊ देऊ नका, तिथे चमक प्रत्येक रेघ वाचून दाखवते.

आता धाकटी. तो फोटो पुन्हा बघा. म्हणजे तुम्हाला दाखवणार नाहीये, ती मला मारेल. पण ठिपके कुठे होते ते ऐका: नाकाच्या बाजूला, गालाच्या पुढच्या गोलावर. तिथे तिची छिद्रं मोठी आणि तेलही भरपूर. कपाळ, नाक, हनुवटी या पट्ट्यात तेलाच्या ग्रंथी दाट असतात आणि नाकालगतचा गाल त्याच राज्यात मोडतो. दोन-तीन तासांत तेल पावडरमध्ये मुरतं, पावडरीचा मऊ पडदा विरतो आणि मागे उरतात ते चमकणारे कण. तेही सरकून छिद्रांत जाऊन बसतात. मी तिच्या हसऱ्या गालाच्या गोलावरच ब्रश फिरवला होता. कारण तेव्हा सगळे "हसा आणि फुगेल तिथे लावा" असं शिकवायचे.

आता कबूल करते, व्हिडिओतल्या बाईचं अर्धं वाक्य बरोबर आहे. तेलकट चेहरा चमकतोच. पण तो चमकतो मधोमध आणि तुकतुकी शोभते कडेला. हे कळल्यावर हायलायटर सोडायचं कारण उरत नाही, जागा बदलायचं कारण मिळतं.

दुपारी तिला घरी बोलावलं. खूप कुरकुर करत आली. आरसा खिडकीशी ठेवला आणि तिला सांगितलं, समोर बघ. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सरळ खाली एक मनातली रेघ ओढली. त्या रेघेच्या आत, नाकाकडे, काहीही लावायचं नाही. बाहेर, गालाच्या हाडाच्या वरच्या कडेवर, कानशिलाकडे चढत जाणारी दोन बोटं रुंद जागा, एवढंच राज्य. नाकाचा शेंडा नाही, कपाळ नाही, हनुवटी नाही. तिथलं काम तिचं तेल संध्याकाळपर्यंत फुकटात करणार आहे.

आधी टिश्यू दाबून तेल टिपलं. टिपलं म्हणजे टिपलंच, पुसलं नाही. हलकं जेल मॉइश्चरायझर, पातळ फाउंडेशन. मग सुकून बसणारा लिक्विड हायलायटर, एका गालाला टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. थेंब आधी हातावर पसरून घेतला आणि बोटाला उरलेला त्या जागेवर थोपटला. मिनिटभर सुकू दिला. मग मधल्या पट्ट्यावर आणि नाकालगतच्या गालावर पफनं पावडर दाबली, हायलायटरच्या जागेला स्पर्शही केला नाही. शेवटी त्याच जागेवर बारीक दळलेली हायलायटर पावडर, लहान मऊ ब्रशनं. ब्रश डबीत टेकवून, झटकून, मग एकदाच फिरवला. लिक्विडवर पावडर बसली की ती धरून राहते. बामवर नुसती पावडर मारून तेलकट त्वचेला फसवता येत नाही, बाम घसरतोच. कोरडीचा बाम तेलकटीला देऊ नका.

डाव्या गालावर मी मुद्दामच जरा जास्त लावला, तिला फरक दिसावा म्हणून. (उगीच कशाला शहाणपणा, पण मला राहवलं नाही.) मग तिला मान हळू वळवायला सांगितली. उजव्या गालावर मान वळताना झाक आली, सरकली आणि सरळ बघताच गेली. डावीकडे सरळ बघतानाही पट्टा दिसत राहिला. मान वळवूनही जागचा न हलणारा पट्टा म्हणजे जास्त झालंय. मग पुसत बसायचं नाही, फाउंडेशन लागलेला ओलसर स्पंज त्यावर दोन-तीनदा दाबायचा. दाबला. निवळलं.

ती बराच वेळ उजव्या गालाकडे बघत होती. मग म्हणाली, "हे मेकअपसारखं दिसतच नाहीये." मी म्हटलं, "तू त्या फोटोसाठी मला अजून माफ केलेलं नाहीस ना?" ती म्हणाली, "फोटोसाठी केलंय. डबीला दोष देत फिरलीस त्यासाठी नाही."

काय बोलणार.

संध्याकाळी सात वाजता, म्हणजे जवळजवळ पाच तासांनी, तिनं जिन्यातल्या पिवळ्या दिव्याखालचा फोटो पाठवला. नाक चकाकत होतं, ते चकाकणारच. तिथे टिश्यू दाब म्हटलं, वर पावडर थापू नकोस, थर चढतो. नाकालगतचा गाल स्वच्छ, एकही ठिपका नाही. कानशिलाजवळ मात्र घामानं थोडं पुसट झालं होतं. मे महिन्यासारखा उकाडा असला तर हे इतकंही टिकणार नाही, ते मी तिला सांगून ठेवलंय. आणि ज्यांची त्वचा तेलकट असूनही सालपटं निघतात त्यांनी आधी ती शांत होऊ द्यावी, त्यावर कुठलाच हायलायटर नीट बसत नाही.

कमेंटमध्ये ब्रँड विचारू नका, हात वळवून बघा म्हटलंय ना. आणि ती जुनी चंदेरी डबी? ती आज धाकटीनंच माझ्या खणातून शोधून काढली, बोट बुडवलं, पापणीच्या मधोमध एक ठिपका लावला आणि घेऊन गेली. पापणीवर ती चमकी छान दिसते, मेली.