थरांची आभासी खोली: सरासरीचा खुलासा

"पाण्यावर रॉकेल असेल तर तळ वरून किती खोल दिसतो हे काढायला दोन्ही अपवर्तनांकांची सरासरी काढायची आणि एकूण खोलीला तिने भागायचं."

नाही. प्रत्येक थराची जाडी त्याच्याच अपवर्तनांकाने भागून मग बेरीज करायची. तळाशी नाणं, त्यावर १२ सेंमी पाणी (४/३) आणि ७.२ सेंमी रॉकेल (१.४४) घ्या. पाण्याचे ९, रॉकेलचे ५, म्हणजे नाणं वरून १४ सेंमीवर दिसतं. सरासरीने १३.८५ येतं, फरक इतका थोडा की चूक खपून जाते.

हेही फक्त सपाट पृष्ठभागांना आणि जवळपास सरळ वरून पाहताना लागू. गोलीय पृष्ठभागाला वक्रतात्रिज्या लागतेच: काचेच्या गोळ्याच्या केंद्रातला बुडबुडा केंद्रातच दिसतो, कारण तिथून निघालेले किरण पृष्ठभागाला लंब असतात आणि वळतच नाहीत.