शिक्का आणि झोपेची वही

बडोद्याच्या सूरसागर तलावाच्या काठावरच्या आमच्या कट्ट्यावर परवा सुहास आला तोच चिडलेला होता. त्याच्या बावीस वर्षांच्या भाच्याला गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी नैराश्य असल्याचे सांगितले होते आणि आता दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी अतिउत्साहाची तेजी आणणारा आजार, असे लिहून दिले होते. "रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही. अर्धा तास बोलायचे आणि जन्माचा शिक्का मारायचा. दोघांचे जुळत नाही, तर विश्वास कशावर ठेवायचा?" असे त्याने विचारले.

महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलेल्या प्रदीपने त्याची तक्रार निराधार नसल्याचे सांगितले. डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या चाचण्यांत एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासले आणि त्यांची निदाने किती जुळतात ते 'कप्पा' या मापाने मोजले. पूर्ण जुळले तर १ आणि केवळ योगायोगाने जुळावे तेवढेच जुळले तर ०. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा स्किझोफ्रेनियाचा कप्पा ०.४६ होता, तर नैराश्याचा अवघा ०.२८.

०.२८ म्हणजे नेमके काय, हे प्रदीपने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडून दाखवले. समजा शंभर रुग्ण आहेत आणि दोन्ही डॉक्टर प्रत्येकी तिसांना नैराश्य असल्याचे सांगतात. डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या तरी सुमारे अठ्ठावन्न जणांच्या बाबतीत त्यांचे उत्तर एकच येईल. प्रत्यक्षात ते सत्तर जणांबाबत जुळले, तर योगायोगापलीकडचे जुळणे बाराचे, आणि जास्तीत जास्त शक्य होते बेचाळीस. बाराला बेचाळीसने भागले की ०.२८ च्या आसपास येते. सत्तर हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण पहिल्या डॉक्टरांनी ज्या तिसांना नैराश्य सांगितले, त्यांतल्या केवळ पंधरांनाच दुसऱ्यांनीही तेच सांगितलेले असते.

"म्हणजे मी म्हणतो तेच," सुहास म्हणाला.

मंदाताईंना हे पटले नाही. मनोरुग्ण विभागात त्यांनी तीस वर्षे परिचारिकेचे काम केले आहे. "निदान डळमळीत आहे याचा अर्थ त्रास खोटा आहे असा होत नाही. नऊपैकी पाच लक्षणे असली की नैराश्य म्हणतात. त्यामुळे एकाची झोप उडालेली असते, दुसरा दिवसभर झोपतो, आणि दोघांच्या कागदावर नाव एकच. शिवाय बायपोलरची सुरुवात पुष्कळदा नैराश्यानेच होते. गेल्या वर्षी डॉक्टरांसमोर उदास मुलगा होता. तेजीचा काळ आलाच नव्हता, तर तो त्यांना दिसणार कसा? आणि हा फरक ओळखावाच लागतो, कारण बायपोलरमध्ये नुसते नैराश्याचे औषध दिले तर काहींचा उन्माद भडकतो."

मला मंदाताईंचे म्हणणे बरोबर वाटले, तरी सुहासने त्यानंतर जे सांगितले त्याचे उत्तर त्यात नव्हते. रविवारी जेवताना भाचा एका विनोदावर खळखळून हसला, तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे सुहासच्या ताईने, घास हातात तसाच धरून त्याच्याकडे रोखून पाहिले. तो हसता हसता थांबला आणि ताट अर्धे टाकून उठला. आता तो मित्रांचे फोन घेत नाही आणि दरवर्षी नऊ रात्री गरबा खेळणारा मुलगा यंदा पास नको म्हणतो.

प्रदीपने ब्रूस लिंक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाची मांडणी सांगितली. वेड्या माणसाला लोक टाळतात, हे आपण सगळेच लहानपणापासून शिकतो. निदान होईपर्यंत ते दुसऱ्यांविषयी असते, निदान झाले की तेच ज्ञान स्वतःला लागू होते. मग माणूस लपवतो, लोकांतून अंग काढून घेतो, आणि त्या एकटेपणाने कामधंदा, ओळखी, आत्मविश्वास सगळेच आटत जाते. पुढे त्याची ती अवस्था आजाराच्या खात्यावर लिहिली जाते. या मुलाच्या घरी तर हसणेही लक्षण ठरू लागले होते.

"पण गरब्याचे जागरण त्याला खरोखर घातक आहे. झोप तुटली की तेजी येऊ शकते," मंदाताई म्हणाल्या. त्यांनी पुढे जे सांगितले ते मला त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे वाटले. शिक्क्याच्या मागे जे निकष असतात, तेच घरच्यांनी समजून घेतले तर ते मुलाचे रक्षण करतात. एका जेवणातल्या हसण्याला कोणतीही पुस्तिका तेजी म्हणत नाही. सौम्य तेजी म्हणायलाही सलग चार दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ, नेहमीपेक्षा वेगळा उत्साह किंवा चिडचिड, त्याबरोबर कमी झोपूनही थकवा न येणे, सुसाट बोलणे, बेफाम खर्च अशी आणखी लक्षणे दिसावी लागतात; उन्मादासाठी, म्हणजे तीव्र तेजीसाठी, साधारण आठवडा.

"ताईला चेहरा वाचू नकोस म्हणावे. झोपेचे तास लिहायला सांग, आणि वही मुलाच्याच हातात दे," मंदाताईंनी सुचवले.

सुहास बराच वेळ गप्प होता. मग गरब्याला अकरापर्यंत थांबून बाराला झोपले तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारण्यासाठी त्याने पुढच्या भेटीची तारीख पाहिली.