"बॅकअप आहे न आपला?"

आज पतसंस्थेच्या मीटिंगमधून आलो, डोकं अजून तापलेलं आहे. हॉलच्या नव्या एसीला दोन मिनिटांत मंजुरी. सर्व्हर बसला तर काम परत सुरू करायच्या तयारीचा माझा ४ लाख ८० हजारांचा विषय निघाला तर एक संचालक म्हणे, "काऊन एवढे? बॅकअप आहे न आपला?"

होता न भाऊ, दोन वर्षांपूर्वीही होता. सोमवारी सकाळी इतवारी शाखेतून फोन आला, पिग्मीची खाती उघडत नाहीत. सर्व्हर पाहिला तर प्रत्येक फाइलच्या नावामागे भलतंच शेपूट आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची डिस्क चोवीस तास सर्व्हरलाच लावलेली, तीही गेली. वाचली फक्त अकाउंटंटच्या कपाटातली, १९ दिवस जुनी. रोजच्या ४०० नोंदी धरा, म्हणजे ७,६०० व्हाउचर पुन्हा हातानं. एक क्लार्क दिवसाला दीडशे भरतो. पाच जणांना दहा दिवस पुरले नाहीत.

मान्य, मागच्या वर्षी मी चाळीस स्लाइड दाखवल्या, ती माझी चूक. आरटीओ म्हणजे बंद पडलेलं काम किती वेळात परत सुरू व्हायला हवं ते, पण आरटीओ म्हटलं की त्यांना लायसन्स आठवतं. म्हणून यंदा दोनच प्रश्न विचारले. किती दिवसांच्या नोंदी पुन्हा भरायची तयारी आहे? काउंटर किती दिवस बंद चालेल? सगळे म्हणाले, "एक मिनिटही नाही." मग त्या उत्तराची किंमत सांगितली: दुसऱ्या जागी सतत चालू असलेला जोड सर्व्हर, २२ लाख. शांतता. पाच मिनिटांत स्वतःच "एका दिवसाच्या नोंदी, दोन दिवस काउंटर" यावर आले. ४ लाख ८० हजार हा त्यांच्याच उत्तराचा भाव आहे, माझा हट्ट नाही.

त्यात रोज रात्रीची एक प्रत बाहेर जाईल, जी ३० दिवस कोणालाच पुसता येणार नाही, माझ्या पासवर्डनंही नाही. दोन डिस्क आळीपाळीनं काढून इतवारीच्या तिजोरीत. एक जादा सर्व्हर. आणि दर तीन महिन्यांनी त्याच्यावर सगळं परत चढवून, घड्याळ लावून पाहणं.

नेमकं हे शेवटचंच कापायला निघाले! "रोज यशस्वी लिहून येते, मंग पाहायचं कायले?"

परत इतवारीचीच गोष्ट. त्या धक्क्यानंतर नवा बॅकअप लावला, रोज रात्री "यशस्वी". या मार्चमध्ये पहिल्यांदा तो जुन्या मशीनवर चढवून पाहिला. अकरा तास लागले. खाती आली, शिल्लक जुळली, पण खातेदारांच्या नमुना सह्या नाहीत. तो फोल्डर वेगळ्या ड्राइव्हवर, बॅकअपमध्ये कधी घेतलाच नव्हता. सही जुळवल्याशिवाय कॅशिअर पैसे देईल काय? जे सांगितलं त्याची प्रत झाली, एवढाच त्या "यशस्वी"चा अर्थ.

हे ऐकून अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, हळूच म्हणाले, "म्हणजे मार्चमध्ये पाहिलं नसतं तर कळलंच नसतं?"

"नाही सर."

त्यांनी स्वतःच्या पेनानं खोडलेली ओळ पुन्हा लिहिली. मघाशी उगाच चिडलो होतो त्यांच्यावर. मंजुरी मात्र पुढच्या मीटिंगला. त्यांची दोन उत्तरं तेवढी आजच्या इतिवृत्तात लिहून घेतली आहेत.

चला, आजची डिस्क इतवारीत पोचवायची आहे.