शेकडा ९९ पैसे, पण कुणाला?

आज सकाळी घरच्या ग्रुपवर चुलतभावाने सोनेतारण कर्जाच्या जाहिरातीचा फोटो टाकला. ‘शेकडा फक्त ९९ पैसे!’ खाली चार अंगठे. माझं डोकंच फिरलं, कारण याच ९९ पैशांनी मोठ्या वहिनींचं काय केलं ते त्या चौघांनाही ठाऊक आहे.

वहिनींनी तोडे आणि पाटल्या ठेवून वर्षभरासाठी २ लाख उचलले. शेकडा ९९ पैसे म्हणजे महिन्याला १,९८० रुपये, वर्षाचे २३,७६०. त्यांनी मनात एवढाच हिशोब केला. काउंटरवरच्या पोराने विचारलं, ‘व्याज दरमहा भरणार की शेवटी एकदम?’ दर महिन्याला खेटे कोण घालणार? वहिनी म्हणाल्या, शेवटी. पोराने मान डोलावली आणि सही घेतली.

तो ९९ पैशांचा दर प्रत्येक तीस दिवसांच्या आत व्याज भरणाऱ्यालाच होता. व्याज तुंबलं की सवलत जाणार, आणि त्या योजनेत ती पहिल्या दिवसापासून जात होती. मग दर शेकडा पावणेदोन रुपये. नुसत्या सरळव्याजाने ४२,००० झाले असते. पण न भरलेलं व्याज दरमहा मुदलात मिळवत गेले, म्हणजे पुढच्या महिन्यात व्याजावरही व्याज. वर्षाअखेरीस व्याज निघालं सुमारे ४६,३००. तेच सोनं, तेच २ लाख, तोच बोर्ड, आणि जवळजवळ दुप्पट पैसे!

आणि वहिनींचा डब्यांचा धंदा आहे हो. दर महिन्याला हातात पैसा येतो. १,९८० त्या सहज भरू शकल्या असत्या. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

बरं, मान्य, ज्याचा पैसा पीक निघाल्यावरच येतो त्याला शेवटी एकदम भरणंच सोयीचं. त्याने ते जरूर घ्यावं, पण शेवटी भरण्याचा दर वेगळा विचारून. आणि त्यात हातात पैसे कमी येतात हेही धरून. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे (१ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करायचे होते) घरखर्चासारख्या कामासाठीच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि शेवटी फेडायच्या कर्जात ती मर्यादा मुद्दल अधिक वर्षाचं व्याज मिळून मोजतात. अडीच लाखांचं सोनं असेल तर मर्यादा २,१२,५००. वर्षाचं १२ टक्के व्याज त्यातच बसवायचं म्हटलं की हातात येणार सुमारे १,९०,०००.

मग दोन ठिकाणं ताडून कशी बघायची? नुसता दर विचारून थांबू नका. विचारा, ‘२ लाख आज घेतले आणि मधे एक रुपयाही भरला नाही, तर वर्षाने सोनं सोडवायला एकूण किती आणू?’ मग विचारा, ‘चौथ्या महिन्यात ५०,००० भरले, तर दुसऱ्या दिवसापासून व्याज दीड लाखावरच धरणार ना?’ उत्तर कागदावर मागा. कर्जाबरोबर मिळणाऱ्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ या माहितीच्या कागदात वार्षिक दर असतो, पण तो सगळं वेळेवर भरलं असं धरून काढलेला. वहिनींच्या कागदावरही तो गोंडसच होता.

मूल्यांकनाचे पैसे लोक किरकोळ समजतात. वर्षभराच्या कर्जात ते आहेतही. पण दोनच महिन्यांसाठी २ लाख घेतलेत आणि टंच काढणं, प्रक्रिया शुल्क धरून १,००० गेले, तर तो अर्धा टक्का झाला. वर्षाच्या हिशोबाने ३ टक्के. थोड्या दिवसांसाठी कमी दरवाला महाग पडतो तो असा. काही ठिकाणी सात दिवसांत सोडवलं तरी ठरावीक दिवसांचं किमान व्याज घेतात, तेही विचारा. मूल्यांकन मात्र तुमच्यासमोरच झालं पाहिजे. खडे, लाख यांचं वजन किती वजा केलं ते लिहून घ्या.

आता मला सगळ्यात लागलेली गोष्ट. पुतणीच्या साखरपुड्याला वहिनींना फक्त पाटल्या हव्या होत्या. ‘सगळं कर्ज फेडा, मगच पाकीट उघडेल,’ म्हणाले. एका खात्याचं एकच पाकीट! त्या दिवशी काचेच्या बांगड्या घालून त्या हसत वावरल्या, आणि मी काही बोलू शकलो नाही. म्हणून दागिने वेगवेगळ्या वेळी लागणार असतील तर सुरुवातीलाच दोन खाती, दोन पाकिटं करा. मूल्यांकन शुल्क दोनदा लागेल, लागू दे.

आणि सगळं फेडल्यावर ‘दागिने मुख्य शाखेतून यायचेत, थांबा’ म्हणाले तर ऐकून घेऊ नका. नव्या निर्देशांत त्याच दिवशी, फार तर सात कामाच्या दिवसांत दागिने परत करायचे आहेत. पुढचा उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई त्यांनी द्यायची. पैसे भरल्याच्या पावतीवर तारीख घातल्याशिवाय काउंटर सोडू नका.