डावखुऱ्या मुलांच्या अक्षराबद्दल फिरणारा मेसेज

“डावखुऱ्या पोराला पहिलीतच उजव्या हाताची सवय लावा, नाहीतर मनगट वाकडं होतं अन् अक्षर कधीच सुधरत नाही.”

हे चुकीचं आहे. मनगट वाकतं ते वही उजव्या हाताच्या पद्धतीने ठेवल्यामुळे. लिहिलेलं हाताखाली झाकलं जातं, ते दिसावं म्हणून मूल हात ओळीच्या वरून आकड्यासारखा वळवतं.

अमळनेरजवळच्या आमच्या शाळेत दुसरीतली एक मुलगी अशीच लिहायची. करंगळीच्या कडेला कायम शिसाची काळी रेघ. तिची वही आम्ही छातीसमोरून थोडी डावीकडे सरकवली आणि तिरकी केली: वरचा डावा कोपरा वर, उजवा खाली. साधारण ३० अंश पुरतात, पण मनगट सरळ होईपर्यंत फिरवून बघावं. हात ओळीच्या खाली राहिला पाहिजे.

पेन्सिल टोकापासून ३ ते ४ सेंटीमीटर वर धरायची, म्हणजे टोक दिसतं. तिथं रबर बँड गुंडाळला की बोटं खाली घसरत नाहीत. शिरोरेषा तिला उजवीकडून डावीकडे ओढायला सोपी गेली. आम्ही ओढू दिली, कागदावर काही फरक दिसत नाही!

बाकावर अशा मुलाला डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजाऱ्याशी कोपरं भांडतात. घरी आजीलाही सांगा, हातावर चापट नको. आठवडाभरात तिच्या करंगळीवरची रेघ गेली. अक्षराला मात्र दोन-तीन महिने लागले.