‘पेक्षा’च्या आधीचा ‘च्या’

*वाचकाची प्रतिक्रिया: “सर, लेख वाचला. ‘दॅट ऑफ’चा एवढा आग्रह म्हणजे निव्वळ पंडिती. आपण ‘आमच्या गावचा कापूस तुमच्या गावापेक्षा चांगला’ म्हणतो, समोरच्याला कळते, विषय संपला. तुमच्या लेखातल्या यादीतही चूक आहे, ती आधी बघा. खेड्यातल्या पोरांना हे शिकवून काय मिळणार? उगाच घाबरवू नका.”*

माझा लेख इंग्रजीत तुलना करताना ‘दॅन’नंतर ‘दॅट ऑफ’ कधी घालायचं यावर होता. त्यातल्या यादीतली चूक मान्य. ‘टू क्लीन, ड्राय अँड टू पॅक’ असं छापून गेलं होतं. ‘टू’ एकतर पहिल्या क्रियापदाआधी एकदाच यायला हवा, नाहीतर तिन्हींआधी. मी दोन ठिकाणी घातला आणि मधला सोडला. आज दुरुस्त केलं, तुमचे आभार. पण ही चूक दाखवताना ‘आधी बघा’ अशी जरब कशासाठी? साध्या शब्दात सांगितलं असतं तरी मी पाहिलंच असतं.

आता ‘पंडिती’. सोळा वर्षं तालुक्यातले इंग्रजी अहवाल आणि अर्ज तपासून देतो आहे, म्हणून हा शब्द जरा लागला. पण तुम्ही पुरावा म्हणून दिलेलं वाक्यच माझ्या बाजूने बोलतं. तोलूनमापून बोलणारा माणूस ‘तुमच्या गावच्यापेक्षा चांगला’ म्हणतो. त्या ‘च्या’मध्ये कापूस लपलेला आहे, म्हणजे तुमच्या गावच्या कापसापेक्षा. बोलताना आपण ‘च्या’ गिळतो आणि ऐकणारा तो मनात भरून घेतो. इंग्रजीत त्या ‘च्या’चं काम ‘दॅट ऑफ’ करतं. ‘द कॉटन ऑफ अवर व्हिलेज इज बेटर दॅन युअर व्हिलेज’ असं लिहिलं, की एका बाजूला कापूस आणि दुसऱ्या बाजूला अख्खं गाव. ‘दॅन दॅट ऑफ युअर व्हिलेज’ केलं, की दोन्हीकडे कापूस.

इथवर तुम्ही म्हणाल, तरी कळतेच न! कापूस आणि गाव यांची गल्लत कोणी करत नाही, खरं आहे. म्हणून जिथे कळत नाही असं वाक्य घ्या. समजा, शेतकरी कंपनीच्या अहवालात लिहिलं: ‘वी सेंट मोअर बेल्स टू हिंगणघाट दॅन पुसद.’ समजा, आपल्या केंद्राने हिंगणघाटला १२० गाठी पाठवल्या आणि पुसदला ८०. पुसदच्या केंद्राने हिंगणघाटला १५० पाठवल्या. आता वाक्याचा अर्थ ‘पुसदला पाठवल्या त्यापेक्षा जास्त’ असा घेतला तर ते खरं, कारण १२० हे ८० पेक्षा जास्त आहेत. ‘पुसदवाल्यांनी पाठवल्या त्यापेक्षा जास्त’ असा घेतला तर धडधडीत खोटं. बँकेचा अधिकारी कोणता अर्थ घेईल, ते तुमच्या हातात नाही. एक शब्द वाढवा, प्रश्न मिटतो: पहिल्या अर्थासाठी ‘दॅन टू पुसद’, दुसऱ्यासाठी ‘दॅन पुसद डिड’. (अर्थात दुसरा लिहायचा तर आधी ‘मोअर’चं ‘फ्यूअर’ करा.) मराठीत ‘पुसदपेक्षा’ म्हटलं तरी हाच घोळ होतो, फक्त समोर बसलेला माणूस ‘म्हणजे काय बाप्पा?’ असं विचारू शकतो. कागदाला विचारता येत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. ‘दॅन’वर बोट ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नेमकं काय तोललं जातंय ते मोठ्याने म्हणा. ‘द रेनफॉल इन चिखलदरा इज हायर दॅन अकोला’: पाऊस, अकोला. जमलं नाही. ‘दॅन दॅट इन अकोला’: पाऊस, पाऊस. जमलं. नाम अनेकवचनी असेल तर ‘दॅट’ नव्हे, ‘दोज’. ‘द प्राइसेस इन अमरावती वेअर हायर दॅन दोज इन वाशीम.’ इथे ‘दॅट’ लिहिणारे पुष्कळ भेटतात.

आणि हो, नियम शिकला की तो नको तिथेही घुसतो. ‘दिस इयर्स यील्ड इज हायर दॅन दॅट ऑफ लास्ट इयर्स’ यात मालकी दोनदा झाली. एकतर ‘दॅन लास्ट इयर्स’, नाहीतर ‘दॅन दॅट ऑफ लास्ट इयर’. उलट ‘द यील्ड इज हायर दिस इयर दॅन लास्ट इयर’ हे मुळातच बरोबर आहे. तिथे पिकाची वर्षाशी तुलना नाही, दोन्ही बाजूंना काळच आहे. तिथे ‘दॅट ऑफ’ घालाल तर जमलेलं वाक्य बिघडेल. म्हणजे मी सरसकट ‘दॅट ऑफ’ ठोकायला सांगत नाही. मूळ लेखाच्या चौथ्या परिच्छेदात हेच होतं, तिथपर्यंत पोहोचला असतात तर ‘एवढा आग्रह’ लिहिलं नसतं.

खेड्यातल्या पोरांबद्दल लिहिलंत त्यावर मी काही बोलत नाही. तुमचा पुढचा अर्ज इंग्रजीत असेल तर त्यातल्या प्रत्येक ‘दॅन’खाली रेघ मारून पाठवा, बघून देतो.